अठ्ठावीस नाणी आणि गुरुवारची वही

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या माध्यम मंडळात आम्ही २८ जण आहोत. यूट्यूब चॅनेलला वर्ष झालं, आठवड्याला एक व्हिडिओ टाकतो. पण सगळे दिवसभर व्ह्यूज पाहत बसतात आणि आकडा पडला की भांडणं होतात. रोज पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बसून आढावा घ्यावा, यावर मला मंडळापुढे आठेक मिनिटं बोलायचं आहे. नुसता उपदेश वाटू नये असं काय बोलू? (सचिव, माध्यम मंडळ, ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर:

ताई, बोलायला उभ्या राहिलात की आधी प्रत्येकाला खिशातलं एक नाणं काढायला सांगा. प्रत्येकाने ते दहा वेळा उडवायचं आणि छापा किती वेळा पडला तेवढाच आकडा तळहातावर किंवा वहीत लिहायचा. दोन मिनिटांत होतं. मग विचारा, "ज्यांचे छापे दोन किंवा त्याहून कमी, त्यांनी हात वर करा. आता ज्यांचे आठ किंवा त्याहून जास्त, त्यांनी." २८ जणांत दोन्ही मिळून साधारण तीन हात वर जातात, कधी दोन, कधी पाच. त्या तिघांना उभं करून ठेवा. आता सात-सातचे चार गट पाडा आणि प्रत्येक गटाला आपापल्या छाप्यांची बेरीज करायला लावा. एका गटाची ७० उडवणी झालेली असते, म्हणजे अपेक्षा ३५ छाप्यांची. बहुतेक गट ३० ते ४० च्या मध्ये येतील. एखादा २९ किंवा ४२ वर गेला तरी घाबरू नका, २७ च्या खाली किंवा ४३ च्या वर मात्र क्वचितच कोणी जातं. चारही बेरजा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मग बोलायला लागा.

पुढचं भाषण सावकाश बोललात तर सहा मिनिटांच्या आत संपतं. शब्द तुमच्या तोंडाला बसतील तसे बदला. आकडे मात्र जसेच्या तसे ठेवा, कारण ते एकमेकांना धरून आहेत.

"मित्रमैत्रिणींनो, हे तिघं अजून उभे आहेत. एकाचे दोन छापे पडले, एकाचे आठ. दोनवाल्याचं नाणं खराब आहे का? आठवाल्याला उडवायची काही खास कला येते का? दोघांची नाणी अदलाबदल केली आणि पुन्हा उडवली तर आकडे काहीही येतील, हे आपल्या सगळ्यांना कळतं. बसा आता.

पण हेच नाणं व्ह्यूजचं झालं की आपल्याला कळेनासं होतं. सकाळी २२ दिसले की कॅमेरावाला म्हणतो एडिटिंग बिघडलं, एडिटिंगवाली म्हणते विषयच चुकला, आणि संध्याकाळी ४४ दिसले की तेच दोघं एकमेकांना टाळ्या देतात. व्हिडिओ तोच असतो.

फळ्यावर पाहा. एकेकट्याचे आकडे दोनपासून आठपर्यंत पसरले होते. सात जणांची बेरीज केली तर चारही गट जवळजवळ आले. आपण काही वेगळं केलं नाही, फक्त सात आकडे एकत्र धरले. आठवडा म्हणजे तेच, सात दिवसांची बेरीज.

आता एक खरी वही सांगते. आपल्यासारखंच धानपट्ट्यातलं एक कॉलेज. तिथल्या मुलांनी डिसेंबरात झाडीपट्टीच्या नाटकावर एक व्हिडिओ केला होता, रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा मंच दिवसा कसा उभा राहतो यावर. एका आठवड्यातले चॅनेलचे व्ह्यूज असे होते. सोमवारी ३१, मंगळवारी २२, बुधवारी २८, गुरुवारी ४४, शुक्रवारी ३९, शनिवारी ३६, रविवारी ५२. बेरीज २५२, म्हणजे दिवसाला सरासरी ३६.

मंगळवारचे २२ पाहून ते हादरले. बुधवारी थंबनेल बदललं. गुरुवारी ४४ आले, म्हणाले जमलं. शुक्रवारी ३९ वर उतरले, म्हणून शीर्षक बदललं. शनिवारी ३६ झाले, म्हणून जुनं थंबनेल परत लावलं. रविवारी ५२ आले आणि सगळे खूश. पुढच्या आठवड्याची बेरीज आली २६१.

तीन बदल, दोन भांडणं आणि फरक नऊ व्ह्यूजचा. या नऊचं काय करायचं, त्यासाठी एक सोपा हिशोब आहे. आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. ३६ चं वर्गमूळ ६, दुप्पट १२. म्हणजे दिवसाचा आकडा २४ ते ४८ च्या मध्ये कुठेही असला तरी काहीच घडलेलं नाही, नाणंच उडालेलं आहे. २५२ चं वर्गमूळ जवळपास १६, दुप्पट ३२. म्हणजे आठवडा २२० ते २८४ च्या मध्ये असला तर काही घडलेलं नाही. २६१ त्याच्या मध्यातच बसतात. दिवसाचा आकडा एक तृतीयांश हलला तरी तो आपल्याशी काही बोलत नाही. आठवड्याचा आठव्या हिश्शाहून जास्त हलला तर मात्र ऐकायला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, मंगळवारचे २२ तर २४ च्याही खाली होते आणि रविवारचे ५२ तर ४८ च्या वर. बरोबर आहे. त्या गावात मंगळवारी आठवडी बाजार भरतो. पोट्टे बाजारात, आया बाजारात, मोबाइल खिशात. रविवारी सुट्टी. पुढच्या मंगळवारी २४ च आले. सहा आठवडे वही लिहिल्यावर सहापैकी पाच मंगळवार त्या-त्या आठवड्यातले सगळ्यात खालचे निघाले. बाजारात कपड्याचं दुकान लावणारा माणूस आजच्या बाजाराचा गल्ला कालच्या रिकाम्या दिवसाशी लावून पाहतो का? तो मागच्या बाजाराशी लावतो. आपण मात्र मंगळवार सोमवारशी लावून एकमेकांवर चिडत होतो.

म्हणून मी आज एवढंच मागते. चार आठवडे यूट्यूब स्टुडिओचा आकडा फक्त गुरुवारी दुपारी तीनला, सगळ्यांनी मिळून पाहायचा. एक वही असेल. दर गुरुवारी वहीत एकच बदल लिहायचा आणि तो पुढच्या गुरुवारपर्यंत हलवायचा नाही. चार आठवड्यांनी वही उघडू आणि चालू ठेवायचं की बंद करायचं ते मतदानाने ठरवू."

भाषण इथे थांबवा. याच्यापुढे प्रश्न येतील, आणि खरं मन वळतं ते प्रश्नांच्या वेळी. म्हणून त्यामागचं थोडं सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न हा येईल की गुरुवारच का. आमच्या मंडळांत मी गुरुवार ठरवला तो एका साध्या कारणाने. यूट्यूबच्या अहवालातला दिवस आपला दिवस नसतो. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मध्यरात्री बदलतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्या-पावसाळ्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात आणि साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत दीड. म्हणजे अहवालातला रविवार आपल्या सोमवारी दुपारी संपतो. त्यात पक्के आकडे तयार व्हायला सुमारे दोन दिवस लागतात. सोमवार ते रविवार असा आठवडा धरला तर तो पूर्ण भरून हाती येतो बुधवारी दुपारनंतर. गुरुवारी तीनला बसलात तर खात्रीने सगळे सात दिवस समोर असतात. सकाळी उठून कालचा आकडा पाहणाऱ्या मुलाला खरं तर अर्धवट शिजलेला आकडा दिसतो, आणि तो दुपारी वाढला की त्याला वाटतं व्हिडिओ पळायला लागला.

स्टुडिओत `Analytics` च्या पहिल्या पानावर शेवटच्या ४८ तासांच्या उभ्या रेघा दिसतात, तो अंदाज असतो. पक्क्या हिशोबात त्यातले काही व्ह्यूज नंतर कमीही होतात, कारण यंत्राने केलेले किंवा खोटे वाटणारे व्ह्यूज यूट्यूब काढून टाकतं. मुलांना हे सांगाच. एकदा एका मुलीने मला रडत फोन केला होता, "दादा, आपले व्ह्यूज कोणी चोरून राहिलं का?" कोणी चोरत नव्हतं, मोजणी पूर्ण होत होती.

दुसरा प्रश्न गणिताचा येईल, आणि तो हुशार मुलगाच विचारेल. वर्गमूळाचा हिशोब तेव्हा खरा, जेव्हा प्रत्येक माणूस आपापल्या मनाने, दुसऱ्याशी संबंध नसताना व्हिडिओ उघडतो. आपल्या गावांत तसं नेहमी होत नाही. सरपंचाने गावाच्या व्हॉट्सॲप गटात लिंक टाकली की अर्ध्या तासात चाळीस जण एकदम येतात. त्यामुळे खरा डगमगाट या हिशोबापेक्षा जास्तच असतो, कमी सहसा नसतो. म्हणजे २२० ते २८४ हा पट्टा कमीत कमी धरा. एखादा आठवडा पट्ट्याच्या बाहेर गेला तर आधी तो एका झुंडीमुळे गेला का ते पाहायचं. त्यासाठी प्रेक्षक कुठून आले ते दाखवणारा तक्ता उघडायचा. `External` या ओळीत शिरलात की आत व्हॉट्सॲप वेगळं दिसतं. वाढ सगळी तिथून आणि एकाच दिवसाची असेल तर गट मिळाला, प्रेक्षक मिळाला असं नाही. वाढ `Suggested videos` किंवा `YouTube search` मधून आणि चार-पाच दिवसांत पसरलेली असेल तर तिच्याकडे लक्ष द्यायचं.

आता त्या वहीतला पुढचा भाग, जो भाषणात मुद्दाम घातला नाही. लांबला असता, आणि तो गुरुवारच्या पहिल्या बैठकीत जास्त कामाचा आहे. ती मुलं बदल करत होती ते थंबनेलमध्ये आणि शीर्षकात, कारण तेच पटकन बदलता येतं. दोन आठवड्यांनी आम्ही पहिल्यांदा शांत बसलो तेव्हा मी त्यांना व्ह्यूज बाजूला ठेवून एकच आलेख उघडायला लावला, किती प्रेक्षक कुठपर्यंत टिकले तो. व्हिडिओ सुरू होऊन तीस सेकंद झाल्यावर १०० पैकी ४१ जणच उरले होते. आम्ही सगळ्यांनी मिळून तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि घड्याळ धरलं. फिरणारं बोधचिन्ह, संस्थेचं नाव, मार्गदर्शकांची नावं, मागे बासरी, असे २२ सेकंद गेले. मंच दिसतो तो तेविसाव्या सेकंदाला. बांबू बांधणारे हात, पडदा चढवताना दिलेली हाक, सगळं त्याच्यानंतर. थंबनेल पाहून माणूस आत येत होता आणि दारातच कंटाळून परत जात होता. थंबनेल आणि शीर्षकातले ते तीन बदल या गोष्टीला हात लावूच शकत नव्हते.

वहीत बदल लिहिला गेला तो असा. "पुढच्या चार व्हिडिओंत पहिलं दृश्य कामाचं. नावं शेवटी." त्याच्याखाली अपेक्षा, "तीस सेकंदांना ५० च्या वर." ही अपेक्षेची ओळ माझ्या मते वहीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. ती आधी लिहिली नाही तर नंतर कुठल्याही आकड्याला यश म्हणता येतं. पुढच्या चार व्हिडिओंचे आकडे आले ५८, ६१, ५५ आणि ६०. अडीचशेच्या आसपास प्रेक्षक असले तर ही टक्केवारी नुसत्या योगायोगाने सहा-एक टक्के इकडेतिकडे होते. ४१ वरून ५५ हा फरक त्याच्या दुपटीहून मोठा आहे, आणि तो सलग चारदा टिकला. इथे काहीतरी खरंच घडलं असं म्हणायला मी तयार होतो.

व्ह्यूज मात्र लगेच हलले नाहीत, आणि हे तुमच्या मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी वही फेकेल. बदलानंतरचे पहिले दोन आठवडे पट्ट्याच्या आतच राहिले. तिसऱ्यात ३१० आले, चौथ्यात २९६, पाचव्यात ३३४. तिन्ही २८४ च्या वर. तरीही मी त्यांना म्हटलं की थांबा, दिवाळीपासून झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम चालू आहे, वडसा-आरमोरीकडे गावोगाव प्रयोग लागताहेत, लोक नाटक शोधत असतील म्हणून वाढ झाली असेल. तक्ता उघडला तर `YouTube search` जवळपास तिथेच होतं, वाढ `Suggested videos` मध्ये होती. म्हणजे एक व्हिडिओ पाहून झाल्यावर यूट्यूब त्यांचा पुढचा सुचवत होतं. हंगामाचा हात थोडा असेलच, पण सगळी वाढ हंगामाची नव्हती. एवढंच म्हणता येतं, आणि वहीत एवढंच लिहिलं.

गुरुवारच्या बैठकीला चाळीस मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका. लांबली की ती आकडे वाचून दाखवण्याची सभा होते आणि मुलं येणं बंद करतात. एकाने आधीच संगणकावर `Analytics` उघडून वर उजवीकडे तारखांच्या यादीतून `Custom` निवडावं आणि सोमवार ते रविवार भरून ठेवावं. तिथे आपोआप शेवटचे २८ दिवस निवडलेले असतात, आणि तेही वाईट नाहीत. २८ दिवसांत चार मंगळवार आणि चार रविवार बरोबर बसतात, म्हणून महिन्याच्या बेरजेपेक्षा ते तुलनेला बरे. वहीच्या पानावर आठवड्याचे व्ह्यूज, नव्या व्हिडिओचा तीस सेकंदांचा टक्का आणि सगळ्यात जास्त प्रेक्षक कुठून आले, एवढंच लिहा. मग मागच्या गुरुवारची अपेक्षा मोठ्याने वाचा आणि ती पुरी झाली की नाही ते हो किंवा नाही असं लिहा. उरलेला सगळा वेळ व्हिडिओ पाहण्यात घालवा. आलेख जिथे खाली कोसळतो त्या जागी व्हिडिओ थांबवून विचारा, इथे उठून का गेले असतील? आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मंडळाबाहेरच्या माणसाकडून आलं आहे. चहावाल्या काकांना बोलवा, कॉलेजच्या शिपाई मावशींना बोलवा. एका मावशींनी मला सांगितलं होतं, "तो पोरगा बोलते ते आइकूच येत नाही, वारा येऊन राहिला." महिनाभर आम्ही विषय बदलत होतो आणि दोष माइकचा होता.

छोटे उभे व्हिडिओ, शॉर्ट्स, टाकत असाल तर त्यांचं पान वेगळं ठेवा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झालं किंवा पुन्हा फिरलं की प्रत्येक वेळी व्ह्यू मोजला जातो, किमान किती वेळ पाहिलं ही अट उरलेली नाही. लांब व्हिडिओचे व्ह्यूज आणि हे एकत्र केले तर बेरीज फुगते आणि लांब व्हिडिओचं खरं दुखणं झाकलं जातं. शॉर्ट्ससाठी `Engaged views` हा जुन्या पद्धतीच्या जवळचा आकडा आहे, तो लिहा.

थंबनेल कधीच बदलू नये असं माझं म्हणणं नाही. पण व्हिडिओ किती जणांपुढे दिसला ते आधी पाहा. ३०० वेळा दिसला आणि १२ जणांनी उघडला, म्हणजे चार टक्के. १२ चं वर्गमूळ साडेतीनच्या जवळ, दुप्पट सात. म्हणजे तेच थंबनेल पाचवर किंवा एकोणीसवरही येऊ शकलं असतं. निदान दोन-तीन हजार वेळा दिसल्याशिवाय मी थंबनेलवर मत देत नाही, आणि आपल्या आकाराच्या चॅनेलला तिथे पोचायला कितीतरी आठवडे लागतात.

एक हरकत अगदी रास्त आहे आणि ती कोणी घेतली तर मान्य करा. काही गोष्टी आठवडाभर थांबू शकत नाहीत. व्हिडिओ टाकल्यावर पहिल्या तासात एकाने तो मोबाइलवर पूर्ण पाहिलाच पाहिजे. आवाज आहे का, गावाचं नाव बरोबर आहे का, संगीतावर कोणाचा हक्काचा दावा आलाय का. प्रतिक्रिया रोज एकाने वाचायच्या, पाळी लावून. आपल्या भागात माणसं एकमेकांना ओळखतात, आणि एखाद्याच्या घरची बाई तिला न विचारता दृश्यात आली असेल तर तो गुरुवारपर्यंत का थांबेल? आणि वैनगंगा चढली, गोसीखुर्दचं पाणी सोडलं अशा वेळी तुम्ही गावाची बातमी देत असाल, तर दर तासाला प्रतिक्रिया पाहा. कुठला रस्ता बंद झाला ते तिथेच कळतं. पण या सगळ्यात पाहायचा आहे तो व्हिडिओ आणि माणसं. व्ह्यूजचा आकडा यातल्या कुठल्याच कामाला लागत नाही.

सवय मोडायला नुसता निश्चय पुरत नाही. चॅनेलचा पासवर्ड २८ जणांकडे असेल तर आजच बदला. स्टुडिओत `Settings` मधल्या `Permissions` मधून ज्याला जे काम आहे तेवढीच परवानगी द्या. आमच्याकडे दोघांनाच आकडे दिसतात, एक तुमच्यासारखी सचिव आणि एक पाळीचा विद्यार्थी, जो दर महिन्याला बदलतो. मोबाइलवरच्या स्टुडिओ ॲपच्या सूचना बंद करा, प्रतिक्रियांच्या तेवढ्या चालू ठेवा. व्हिडिओखाली व्ह्यूज सगळ्यांना दिसतातच, ते झाकता येत नाहीत. जो पाहील त्याला दंड वगैरे ठेवू नका. एका मंडळाने दहा रुपये दंड ठेवला होता, तर मुलं लपून पाहायला लागली आणि गुरुवारी खोटं बोलायला लागली. त्यापेक्षा आकडा पाहिला तर वहीच्या मागच्या पानावर दिवस, वेळ आणि तो पाहून काय करावंसं वाटलं ते लिहायचं, एवढाच नियम ठेवा. त्या धानपट्ट्यातल्या मंडळाच्या मागच्या पानावर पहिल्या आठवड्यात १९ नोंदी होत्या. "थंबनेल बदलावंसं वाटलं" हे वाक्य त्यात अकरा वेळा होतं. चौथ्या आठवड्यात नोंदी तीन होत्या, आणि त्यातल्या एकीत लिहिलं होतं, "मंगळवार आहे, बाजार."

भाषणाच्या दिवशी नाणी कमी पडतील, मुलांच्या खिशात आता सुटे पैसे नसतात. कँटीनमधून एक रुपयाची तीसेक नाणी आधीच मागून ठेवा.